हप्त्यावरची दुचाकी शेवटी केवढ्याला पडते?

पाडवा किंवा दसरा जवळ आला की दुचाकीच्या शोरूमबाहेर लागणाऱ्या फलकांवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात, डाऊन पेमेंट आणि महिन्याचा हप्ता. घरातली चर्चाही मग त्या दोन आकड्यांभोवतीच फिरते. एवढे रोख जमतील का, आणि महिन्याला एवढे निघतील का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण शेवटचा हप्ता भरून होईपर्यंत आपल्या खिशातून एकूण किती गेले, हा तिसरा आकडा फलकावर नसतो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तो काढायला मोठ्या गणिताची गरज नाही. कोणता आकडा कुठून घ्यायचा, एवढे मात्र नीट कळायला हवे.

बेरीज साधी आहे. डाऊन पेमेंट, अधिक हप्त्याला महिन्यांनी गुणून येणारी रक्कम, अधिक प्रोसेसिंग फी. बोलताना या फीला फाइल चार्ज असेही म्हणतात. उदाहरणासाठी संगमनेरजवळच्या गावातून रोज तालुक्याला कामावर येणाऱ्या एका ताईंची खरेदी धरू. त्यांनी पसंत केलेल्या स्कूटरची ऑन-रोड किंमत १,०५,००० रुपये आहे. ऑन-रोड म्हणजे शोरूमच्या किमतीवर रस्ता कर, नोंदणी आणि विमा चढवून झालेली किंमत. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा २०१८ पासून एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे शोरूमची किंमत आणि ऑन-रोड किंमत यांत बराच फरक दिसतो. आपल्या बेरजेची सुरुवात नेहमी ऑन-रोड किमतीपासून करायची, कारण गाडी रस्त्यावर यायला तेवढे पैसे कोणाला ना कोणाला भरावेच लागतात.

ताई २५,००० रुपये डाऊन पेमेंट करणार आणि उरलेल्या ८०,००० रुपयांचे कर्ज घेणार. मुदत तीन वर्षे, म्हणजे ३६ हप्ते. काउंटरवरचा मुलगा सांगतो, "ताई, व्याज फक्त अकरा टक्के. हप्ता २,९५६ रुपये. फाइल चार्ज दोन हजार, त्यावर जीएसटी." जीएसटी १८ टक्क्यांनी ३६० रुपये, म्हणजे फी २,३६० रुपये झाली.

आता बेरीज करू. २,९५६ गुणिले ३६ म्हणजे १,०६,४१६. त्यात डाऊन पेमेंटचे २५,००० आणि फीचे २,३६० मिळवले की एकूण १,३३,७७६ रुपये होतात. रोखीने १,०५,००० ला येणारी स्कूटर ताईंना १,३३,७७६ ला पडते. जास्तीचे २८,७७६ रुपये. त्यांतले २६,४१६ व्याजाचे आणि बाकीचे फीचे.

उत्तर मिळाले, पण या उत्तरात एक गोष्ट खटकायला हवी. व्याज अकरा टक्के सांगितले होते आणि कर्ज दर महिन्याला थोडे थोडे फिटत होते. दुसऱ्या वर्षी ताईंकडे पूर्ण ८०,००० उरलेले नव्हते, तिसऱ्या वर्षी तर फारच कमी उरले होते. मग २६,४१६ रुपये व्याज कसे झाले? शाळेतली सरळव्याजाची रीत आठवून पाहा. ८०,००० वर ११ टक्क्यांनी वर्षाचे ८,८०० आणि तीन वर्षांचे २६,४००. नेमका तोच आकडा. १६ रुपयांचा फरक हप्ता पूर्ण रुपयात केल्यामुळे आला आहे. म्हणजे व्याज तिन्ही वर्षे पूर्ण ८०,००० वर लावले. ताईंनी फेडलेल्या पैशावरही ते चालूच राहिले. याला फ्लॅट रेट म्हणतात. दुचाकीच्या कर्जात तोंडी सांगितला जाणारा दर बहुतेक वेळा हाच असतो.

याउलट गृहकर्जात उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागते. तो रिड्यूसिंग रेट, म्हणजे घटत्या शिलकीवरचा दर. ताईंचा २,९५६ चा हप्ता घटत्या शिलकीच्या हिशोबात मांडला तर दर येतो वर्षाला सुमारे १९.६ टक्के. तेच कर्ज, तोच हप्ता, तेच ३६ महिने. एका रीतीने अकरा, दुसऱ्या रीतीने जवळजवळ वीस. ढोबळ मानाने तीन वर्षांच्या कर्जात फ्लॅट दराला १.८ ने गुणले की घटत्या शिलकीचा दर हाती येतो.

हा फरक बाजारात कसा नडतो ते पाहा. समजा, ताईंच्या ओळखीतली एक पतसंस्था त्यांना १२ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे आणि तिथे व्याज घटत्या शिलकीवर लागते. कानाला अकरा टक्के स्वस्त वाटतात. पण १२ टक्क्यांच्या त्या कर्जाचा हप्ता २,६५७ रुपये बसतो आणि ३६ महिन्यांचे मिळून ९५,६५२ रुपये होतात. व्याज १५,६५२. म्हणजे अकरा टक्क्यांचे कर्ज बारा टक्क्यांच्या कर्जापेक्षा १०,७६४ रुपयांनी महाग पडले. फसवणूक ओळखायला दराचा आकडा पुरत नाही, हप्ता आणि महिने यांचा गुणाकार पुरतो. मला ही रीत सर्वांत विश्वासाची वाटते, कारण दर कोणत्याही रीतीने सांगता येतो, पण खात्यातून जाणारा हप्ता एकाच रीतीने जातो.

फ्लॅट दर ओळखायचाही सोपा मार्ग आहे. हप्ता गुणिले महिने यातून कर्जाची रक्कम वजा करा, येणाऱ्या आकड्याला कर्जाने भागा आणि मग वर्षांनी भागा. ताईंच्या बाबतीत २६,४१६ भागिले ८०,००० म्हणजे ३३ टक्के, भागिले तीन म्हणजे ११. सांगितलेला दर आणि हे उत्तर जुळले की तो फ्लॅट दर आहे हे नक्की समजावे.

आता फीकडे वळू. २,३६० रुपये लहान वाटतात आणि बेरजेत ते लहानच आहेत. पण फी पहिल्याच दिवशी जाते. म्हणजे ताईंच्या नावावर कर्ज ८०,००० चे चढले, तरी त्यांच्या उपयोगाला प्रत्यक्ष ७७,६४० च आले. हे धरून घटत्या शिलकीचा दर पुन्हा काढला तर तो १९.६ वरून सुमारे २१.८ टक्क्यांवर जातो. व्याज आणि फी दोन्ही मिळून येणाऱ्या या वार्षिक दराला कागदोपत्री एपीआर म्हणतात. दोन कंपन्यांची तुलना करायची तर हा एकच दर उपयोगी पडतो, कारण कोणी व्याज कमी दाखवून फी वाढवतो, तर कोणी फी माफ म्हणून व्याज वाढवतो.

फीच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो आणि तो बेरजेत सरळ चूक घडवतो. "पंचवीस हजार भरा आणि गाडी घेऊन जा," असे सांगितले जाते. त्या पंचवीस हजारांत फी धरली आहे की ती वेगळी आहे? ताईंच्या हिशोबात ती वेगळी होती, म्हणजे काउंटरवर २७,३६० भरावे लागले आणि कर्ज ८०,००० चे झाले. फी पंचवीस हजारांच्या पोटात असेल, तर गाडीच्या किमतीकडे फक्त २२,६४० गेले आणि कर्ज ८२,३६० चे होईल. हप्ता मग ३,०४३ रुपये. एकूण भरणा २५,००० अधिक १,०९,५४८, म्हणजे १,३४,५४८. आधीच्या बेरजेपेक्षा ७७२ रुपये जास्त. हे फीवरचे व्याज आहे. रक्कम मोठी नाही, पण ती कुठून आली हे कळत नसेल तर असेच इतर खर्च कर्जात सरकवले जातात तेही कळणार नाही. त्यासाठी एक वजाबाकी पुरते. ऑन-रोड किमतीतून मंजुरीपत्रावर लिहिलेली कर्जाची रक्कम वजा करा. उत्तर म्हणजे गाडीसाठी भरलेले खरे डाऊन पेमेंट. काउंटरवर दिलेले पैसे त्यापेक्षा जास्त असतील तर ते कशाचे, याची पावती मागा.

सरकवल्या जाणाऱ्या खर्चांत सर्वांत नेहमीचा म्हणजे कर्जदाराचा विमा. अपघात झाला किंवा मृत्यू ओढवला तर कर्ज फिटेल, असा हा विमा असतो. तो वाईट नव्हे, एकट्या कमावत्या माणसाला उपयोगी पडू शकतो. पण त्याचा हप्ता कर्जात मिळवला की त्यावरही फ्लॅट दराने तीन वर्षे व्याज चढते. ताईंच्या कर्जात प्रत्येक हजार रुपयांमागे तीन वर्षांत ३३० रुपये व्याज जाते, हा हिशोब लक्षात ठेवला तर काउंटरवरच ठरवता येते. तीन हजारांचा विमा कर्जात घेतला तर तो ३,९९० ला पडेल. हवाच असेल तर रोखीने घ्यावा. डाऊन पेमेंट वाढवण्याचा फायदाही याच हिशोबाने कळतो. दहा हजार जास्त भरले तर ३,३०० रुपये वाचतात.

कमी डाऊन पेमेंटची ओढ मात्र मोठी असते आणि ती समजण्यासारखी आहे, कारण पंचवीस हजार एकदम जमवणे सोपे नसते. ताईंना दुसरी योजना दाखवली जाते. फक्त ५,००० भरा, एक लाखाचे कर्ज घ्या, मुदत चार वर्षे, दर बारा टक्के फ्लॅट. हप्ता ३,०८४ रुपये. पहिल्या योजनेपेक्षा हप्ता अवघा १२८ रुपयांनी जास्त, आणि वीस हजार रुपये हातात राहिले! ऐकताना दुसरी योजना सरस वाटते. बेरीज करून पाहा. ३,०८४ गुणिले ४८ म्हणजे १,४८,०३२. डाऊन पेमेंट ५,०००. फी तीन हजार आणि त्यावर जीएसटी ५४०, मिळून ३,५४०. एकूण १,५६,५७२ रुपये. रोख किमतीच्या वर ५१,५७२ रुपये गेले. पहिल्या योजनेत २८,७७६ गेले होते. हप्ता सारखा दिसण्याचे कारण, बारा महिने वाढले. हातात राहिलेल्या वीस हजारांसाठी ताईंनी पुढे २२,७९६ रुपये जास्त मोजले. ते वीस हजार घरातल्या आजारपणासाठी राखून ठेवायचे असतील तर हा सौदा कोणी मुद्दाम पत्करेलही. पण तो पत्करायचा तर हा आकडा डोळ्यांसमोर हवा.

बेरजेतून जे दिसत नाही, तेही एक आहे. पैसे किती गेले हे बेरीज सांगते, कधी गेले हे सांगत नाही. काही ठिकाणी पहिला हप्ता गाडी घेतानाच कापून घेतात, त्याला आगाऊ हप्ता म्हणतात. ताईंनी २,९५६ काउंटरवरच दिले आणि उरलेले ३५ हप्ते पुढे भरले, तर एकूण रक्कम तीच, १,३३,७७६. बेरीज बदलत नाही. पण वापरायला मिळालेले कर्ज ८०,००० ऐवजी ७७,०४४ झाले आणि व्याज मात्र ८०,००० वरच मोजले. फी न धरताही दर १९.६ वरून सुमारे २०.८ टक्क्यांवर चढला. हप्ते आगाऊ घेऊन पूर्ण कर्जावर व्याज लावण्याचा हा प्रकार रिझर्व्ह बँकेला तपासणीत आढळला होता. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बँकेने तो अन्याय्य ठरवून कर्ज देणाऱ्या संस्थांना आपल्या पद्धती तपासून दुरुस्त करायला सांगितले. कर्ज मंजूर झाल्याच्या तारखेपासून नव्हे, तर पैसे प्रत्यक्ष दिल्यापासून व्याज लावावे, हेही त्याच परिपत्रकाचे सांगणे आहे. म्हणून मंजुरी एका तारखेला आणि गाडी दोन आठवड्यांनी, असे झाले तर मधल्या दिवसांचे व्याज कुठे धरले आहे ते विचारायला हरकत नाही.

हे सगळे ताईंनी घरी बसून वहीत मांडायचे का? काही मांडावे, पण बरेचसे आता कंपनीनेच लिहून द्यायचे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जातल्या मुख्य बाबींचा तक्ता, सही घेण्याआधी द्यावा लागतो. दुचाकीचे कर्ज त्यात येते. तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा आणि त्यातला मजकूर समजावून सांगावा, असा नियम आहे. म्हणजे मराठीत मागणे हा ताईंचा हक्क आहे. त्यात एपीआर लिहिलेला असतो आणि तो कसा काढला याचा हिशोब असतो. प्रत्येक हप्त्यातले व्याज किती नि मुद्दल किती, याचे वेळापत्रकही असते. कंपनी दुसऱ्यासाठी गोळा करते ते विम्यासारखे पैसेही एपीआरमध्ये धरायचे आहेत. तक्त्यात नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे घेता येत नाही. आणि इतक्या मुदतीच्या कर्जात तक्ता मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस असतात. त्या काळात कंपनीला त्या अटी पाळाव्या लागतात. "आजच सही करा, उद्या ऑफर संपेल," असे कोणी म्हणाले तर हे तीन दिवस आठवावेत.

व्यवहारात अडचण अशी की सह्या पटापट होतात. आता तर त्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होतात आणि तक्ता पीडीएफच्या रूपात नंतर कधीतरी उघडला जातो. ओटीपी सांगण्याआधी तो तक्ता उघडून फक्त चार आकडे पाहिले तरी पुरे. कर्जाची रक्कम, हप्ता, हप्त्यांची संख्या आणि एपीआर. पहिले तीन वहीतल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. चौथा आकडा तोंडी सांगितलेल्या दराच्या जवळपास दुप्पट दिसला, तर दचकू नका. तो फ्लॅट दरामुळे आहे, आणि खरा दर तोच आहे.

कर्ज मध्येच फेडायचे झाले तर हप्त्यांचे वेळापत्रक फार उपयोगी पडते. दीड वर्ष झाले, १८ हप्ते गेले, म्हणजे निम्मे कर्ज फिटले असेल, असा समज असतो. तसे होत नाही. ताईंच्या पहिल्या हप्त्यात सुमारे १,३०५ रुपये व्याज आणि १,६५१ रुपये मुद्दल असते. सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा, शेवटी नगण्य. १८ हप्त्यांत ताईंनी ५३,२०८ रुपये भरले, तरी मुद्दल अजून सुमारे ४५,८०० शिल्लक असते. त्या दिवशी कर्ज बंद केले तर पुढचे सुमारे ७,४०० रुपये व्याज वाचते. पण मुदतीआधी बंद करण्याचा आकार असतो. तो शिलकीच्या चार टक्के धरला, तर जीएसटीसह सुमारे २,१६० रुपये होतात आणि खरी बचत ५,२०० च्या आसपास उरते. वैयक्तिक कामासाठीच्या बदलत्या दराच्या कर्जावर असा आकार घ्यायला मनाई आहे, परंतु दुचाकीचे कर्ज बहुधा स्थिर दराचे असते, त्यामुळे ती सवलत लागू होत नाही. तीस-बत्तीस हप्ते झाल्यावर मात्र कर्ज आधी बंद करण्यात फारसे काही वाचत नाही, कारण व्याज जवळजवळ सगळे आधीच दिलेले असते.

आपली १,३३,७७६ ची बेरीज सगळे हप्ते वेळेवर गेले असे धरून केली आहे. हप्ता खात्यातून आपोआप जातो, आणि त्या दिवशी शिल्लक नसेल तर दोन बाजूंनी आकार बसतो, कर्ज देणाऱ्या कंपनीचा आणि आपल्या बँकेचा. दोघांचे पाचशे-पाचशे धरले तर तीन वर्षांत तीन वेळा चुकलेल्या हप्त्यांचे तीन हजार होतात, म्हणजे प्रोसेसिंग फीपेक्षा जास्त. वर उशिराचा दंडही असतो. १ एप्रिल २०२४ पासून हा दंड व्याजदरात मिसळून लावता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. तो वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो, त्यामुळे खात्याच्या उताऱ्यात तो ओळखू येतो. ताईंचा पगार सात तारखेला होत असेल आणि हप्त्याची तारीख पाच असेल, तर ती अडचण सहीच्या वेळीच सांगून दहा तारीख मागून घ्यावी. नंतर तारीख बदलणे अवघड जाते.

शेवटचा हप्ता गेला तरी आरसीवर कंपनीचा बोजा तसाच राहतो. कंपनीकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो उतरवावा लागतो, आणि त्याची सरकारी फी आपल्यालाच भरायची असते. बोजा असेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली, तर विम्याच्या दाव्याच्या वेळी कंपनीचे नाव कागदावर असल्याने पैसे अडकतात. म्हणून छत्तिसावा हप्ता खात्यातून गेला की त्याच आठवड्यात ताईंनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, आणि आरटीओची फी वहीतल्या त्या बेरजेखाली लिहून मग हिशोब मिटवावा.